पिशवीच्या ऑपरेशनचं संमतीपत्र मराठीत कसं आणावं: सही किंवा अंगठ्याआधी धोके आणि पर्याय खरंच कळण्यासाठी

खान्देशातल्या बहुतेक दवाखान्यांत ऑपरेशनचं संमतीपत्र इंग्रजीत छापलेलं असतं. मराठी प्रत असली तरी ती बऱ्याचदा इंग्रजी ओळींवर संस्कृत शब्द चढवून केलेली असते. नंदुरबारकडची माणसं सुरतेला गेली तर कागद गुजरातीतही हाती पडतो. मग कुणी नर्सताई, समाजसेवा विभागातलं कुणी किंवा शिकलेला भाचा "जरा मराठीत सांग" म्हटल्यावर मदतीला उभा राहतो आणि ओळीला ओळ लावून अनुवाद करतो. इंग्रजीतलं काहीच सुटत नाही, तरी बाईला काही कळत नाही. ती अंगठा देते आणि आत जाते.

इथे एकच ऑपरेशन धरलं आहे: गाठी आणि अतिरक्तस्रावासाठी गर्भाशय काढणं, म्हणजे आपल्याकडे म्हणतात ते पिशवीचं ऑपरेशन. आपल्या भागात ते फार होतं, त्याला पर्याय बरेच असतात आणि गैरसमजही तितकेच. उदाहरण म्हणून चोपडा तालुक्यातली बेचाळीस वर्षांची, दोन मुलं असलेली, शेतमजुरी करणारी बाई डोळ्यांसमोर ठेवू. पाळीत खूप जातं, सोनोग्राफीत गाठ दिसली, डॉक्टरांनी पिशवी काढायला सांगितली. तिची मातृभाषा अहिराणी. मराठी तिला समजते, वाचायला जेमतेम येतं.

१. अनुवादाआधी: भरलेला कागद मिळवा

कोरा छापील फॉर्म घेऊन बसू नका. डॉक्टरांनी हाताने भरलेली प्रत मागा, कारण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट त्या हस्ताक्षरातच असते. ऑपरेशनच्या नावापुढे बहुधा "टीएएच ± बीएसओ" असं काहीतरी लिहिलेलं असतं. पहिल्या तीन अक्षरांचा अर्थ पोटावर छेद घेऊन पिशवी तोंडासकट काढणं. शेवटच्या तीन अक्षरांचा अर्थ दोन्ही बाजूंचे अंडाशय आणि नळ्या काढणं. मधली ± ही खूण म्हणते की अंडाशय काढतील किंवा नाही काढणार, आत गेल्यावर ठरवू. अनुवाद करणारे ही ओळ "गर्भाशय शस्त्रक्रिया" असं लिहून मोकळे होतात आणि बाईच्या उरलेल्या आयुष्यावर परिणाम करणारा निर्णय त्या दोन शब्दांत गडप होतो.

म्हणून लेखणी हातात घेण्याआधी डॉक्टरांकडून या प्रश्नांची उत्तरं घ्या आणि लिहून ठेवा:

- नेमकं काय काढणार? पिशवीचं तोंड राहणार की जाणार? अंडाशय राहणार की जाणार, आणि आत गेल्यावर ठरवणार असाल तर कशावरून?
- पोटावर छेद, दुर्बिणीतून की खालून? दुर्बिणीतून जमलं नाही तर पोट उघडणार का?
- भूल पूर्ण की कमरेतून?
- या बाईला पिशवी न काढता दुसरं काय करता येईल, आणि ते तिला का चालेल किंवा का चालणार नाही?
- काहीच केलं नाही तर काय होईल?

चौथ्या आणि पाचव्या प्रश्नाचं उत्तर फॉर्मवर जवळजवळ कधीच नसतं. तिथे फक्त "मला पर्यायी उपचार समजावून सांगण्यात आले आहेत" अशी छापील ओळ असते. त्या ओळीचा कितीही चांगला अनुवाद केला तरी त्यात एकही पर्याय नाही. पर्याय डॉक्टरांकडूनच यायला हवेत. अनुवादकाने ते स्वतःच्या माहितीवरून लिहायचे नाहीत आणि जागा रिकामी ठेवून पुढेही जायचं नाही.

*थांबा:* ± ही खूण, "इत्यादी" हा शब्द आणि "आवश्यक वाटल्यास इतर कोणतीही प्रक्रिया" ही ओळ, या तिन्हींचा अर्थ डॉक्टरांच्या तोंडून कळल्याशिवाय पहिलं वाक्यही लिहू नका.

२. शब्द आधी ठरवा

एका पानावर शब्दांची यादी करा आणि एका वस्तूला कागदभर एकच शब्द वापरा. "पिशवी" म्हटलं की आपल्याकडच्या बायकांना गर्भाशय कळतं, पण पित्ताचीही पिशवी असते आणि लघवीचीही. त्यामुळे सुरुवातीलाच "पिशवी म्हणजे मूल वाढतं ती गर्भाची पिशवी" असं एकदा लिहा आणि मूत्राशयाला दर वेळी "लघवीची पिशवी" असं पूर्ण लिहा.

अंडाशयासाठी "अंडकोश" लिहू नका. पुरुषाच्या अवयवाचा शब्द उच्चाराने तोच आहे आणि ऐकणारी बाई गोंधळते. "पिशवीच्या दोन बाजूंना असलेली दोन अंडाशयं, यात स्त्रीचं बी तयार होतं आणि पाळी चालू ठेवणारे हार्मोन बनतात" असं लिहिलं की ती काढल्यावर काय जाणार हेही अर्धं सांगून होतं.

"गाठ" ऐकलं की घरात कॅन्सरचाच विचार सुरू होतो. डॉक्टरांचं निदान साध्या गाठीचं असेल तर त्यांना विचारून "ही कॅन्सरची गाठ नाही असं तपासण्यांवरून दिसतं" हे वाक्य घाला. कॅन्सरच्या भीतीने पिशवी काढून टाकायला तयार होणाऱ्या बायका आपल्याकडे पुष्कळ आहेत. असली साधी गाठ पुढे कॅन्सरची होणं फार क्वचित घडतं. हे कागदावर नसेल तर संमती भीतीवर उभी राहते.

"बिनटाक्याचं ऑपरेशन" हा शब्द मात्र यादीतून काढूनच टाका. खालून पिशवी काढली तर पोटावर टाके दिसत नाहीत, पण आत असतात. ते ऐकून बाई आठव्या दिवशी कापूस वेचायला निघते.

*तपासा:* यादीतला प्रत्येक शब्द बाहेर बाकावर बसलेल्या एखाद्या मावशींना विचारा. "म्हणजे काय?" असा उलट प्रश्न आला की शब्द बदला.

३. क्रम बदला

छापील फॉर्मचा क्रम दवाखान्याच्या सोयीचा असतो: नाव, ऑपरेशन, धोके, मग जबाबदारी नाकारणारी वाक्यं आणि सही. मराठी प्रतीत क्रम असा ठेवा: आजार काय आहे, काहीच केलं नाही तर काय, दुसरे उपाय कोणते, हे ऑपरेशन म्हणजे काय, त्याचे धोके, नंतरचे दिवस, सही. धोके आधी आणि पर्याय नंतर आले की घाबरलेल्या मनाला पर्याय ऐकू येत नाहीत. पर्याय धोक्यांच्या आधी आले तर बाई दोन्ही बाजू तोलू शकते.

इंग्रजीतलं काही गळलं नाही हे दाखवता यावं म्हणून मूळ फॉर्मच्या प्रत्येक ओळीला क्रमांक द्या आणि मराठी वाक्याच्या शेवटी तो लिहा. डॉक्टरांना ताडून बघायला हे फार उपयोगी पडतं.

४. पर्याय लिहिताना

आपल्या उदाहरणातल्या बाईसाठी डॉक्टरांनी सांगितलेले पर्याय समजा असे आहेत. पाळीच्या जड दिवसांत घ्यायच्या गोळ्या. यांनी रक्त कमी जातं, पण गाठ लहान होत नाही. गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधन. याने बऱ्याच बायकांचं जाणं खूप कमी होतं आणि ते काही वर्षं चालतं, पण गाठीमुळे पिशवीचा आतला आकार बिघडला असेल तर नीट बसत नाही किंवा निसटतं. फक्त गाठ काढून पिशवी ठेवणं. यात पुन्हा गाठी होऊ शकतात. आणि थांबून बघणं, कारण पाळी जायच्या वयात हार्मोन कमी झाले की अशा गाठी बहुधा आकसतात. मात्र तोपर्यंत रक्त कमी होऊ न देण्याची काळजी घ्यावी लागते.

इथे एक चूक वारंवार होते. हार्मोनच्या साधनाचा अनुवाद "कॉपर-टी" असा केला जातो, कारण दिसायला ते तसंच असतं. पण तांब्याच्या कॉपर-टीने पाळीत जास्त जाऊ शकतं आणि हे बायकांना अनुभवाने माहीत असतं. "माझं आधीच इतकं जातं आणि वर कॉपर-टी?" म्हणून ती चांगला पर्याय जागेवरच नाकारते. "दिसायला कॉपर-टीसारखं, पण तांब्याचं नाही, रक्त कमी करणारं औषध सोडणारं साधन" असं पूर्ण लिहा.

प्रत्येक पर्यायापुढे तीन गोष्टी हव्यात: काय करतात, काय मिळतं, काय राहून जातं. चौथी गोष्ट म्हणजे तो कुठे मिळतो. चोपड्यात होत नाही आणि जळगावला किंवा नाशिकला जावं लागतं, असं असेल तर तसं लिहा. जवळ मिळत नाही म्हणून पर्याय कागदावरून गाळणं चूक आहे. जायचं की नाही हे तिचं घर ठरवेल.

*थांबा:* डॉक्टरांनी एखादा पर्याय या बाईला चालणार नाही असं सांगितलं असेल, तर पर्याय लिहून पुढे कारण लिहा. "लागू नाही" एवढ्यावर भागवू नका.

५. धोके लिहिताना

तयार मराठी फॉर्मवर सापडणारं वाक्य साधारण असं असतं:

"सदर शस्त्रक्रियेदरम्यान समीपस्थ अवयवांस इजा, अतिरक्तस्राव, जंतुसंसर्ग, रक्तगुठळी इत्यादी गुंतागुंती संभवतात याची मला पूर्ण जाणीव आहे."

यात चूक शोधून सापडणार नाही, पण बाईला यातून काहीच मिळत नाही. एकेक धोका सुटा करा आणि प्रत्येकाला चार प्रश्न लावा: काय होतं, किती जणींना होतं, झालं तर काय करतात, घरी कसं ओळखायचं. पहिल्याच तुकड्याचं असं होतं:

"पिशवीच्या पुढेच लघवीची पिशवी असते आणि किडनीतून लघवी खाली आणणाऱ्या दोन बारीक नळ्या बाजूने जातात. पिशवी सोडवताना यांना इजा होऊ शकते. हजार बायकांचं हे ऑपरेशन झालं तर साधारण सात जणींना असं होतं. ऑपरेशन चालू असताना लक्षात आलं तर तेव्हाच दुरुस्त करतात आणि लघवीची नळी जास्त दिवस ठेवावी लागते. तेव्हा लक्षात आलं नाही आणि घरी गेल्यावर खालून सतत लघवी गळू लागली, कुशीत दुखू लागलं किंवा ताप आला, तर त्याच दिवशी दवाखान्यात यावं. दुसरं ऑपरेशन लागू शकतं."

एका ओळीची सहा वाक्यं झाली. होऊ द्या. फॉर्म चार पानांचा झाला तरी चालेल.

हजारात सात हा आकडा ब्रिटनच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने पोटावरून पिशवी काढण्यासाठी दिलेल्या संमतीविषयक सल्ल्यातला आहे. त्याच कागदात रक्त चढवावं लागण्याचं प्रमाण हजारात तेवीस आणि सहा आठवड्यांत मृत्यूचं प्रमाण लाखात बत्तीस दिलं आहे. तुमच्या फॉर्मवर डॉक्टर जो आकडा देतील तोच लिहा, पण लिहिण्याची रीत पाळा. ०.७ टक्के असं लिहू नका. दशांश चिन्ह ऐकताना हरवतं. सगळ्या धोक्यांना हजारचंच माप ठेवा. लाखात बत्तीस हे हजारात सातपेक्षा मोठं वाटतं, कारण कानाला बत्तीस आधी ऐकू येतं. म्हणून मृत्यूचा धोका वेगळ्या वाक्यात लिहा: "साधारण तीन हजार बायकांमागे एकीचा जीव जाऊ शकतो." हे वाक्य गाळायचं नाही. नातेवाईक नेमकं हेच गाळायला सांगतात.

"क्वचित" आणि "कधीकधी" हे शब्द आकड्याशिवाय एकटे सोडू नका. क्वचित म्हणजे एकीला दहात एक वाटतं, दुसरीला लाखात एक.

काही परिणाम धोक्यात मोडत नाहीत, ते होणारच असतात. त्यांचा परिच्छेद वेगळा हवा. यापुढे पाळी येणार नाही आणि मूल होणार नाही. अंडाशयंही काढली तर पाळी जाण्याचा सगळा त्रास एकदम सुरू होतो: अंगातून गरम वाफा, घाम, झोप न लागणं, आणि पुढे हाडं लवकर ठिसूळ होण्याचा धोका. अंडाशयं ठेवली तर ती सहसा काम करत राहतात, पण पुढे त्यांचा वेगळा आजार झाल्यास पुन्हा उपचार लागू शकतात. पिशवीचं तोंड ठेवणार असतील तर तिथली कॅन्सरची तपासणी पुढेही करत राहावी लागते, हेही इथेच लिहा.

विश्रांतीबद्दल "जड वजन उचलू नये" एवढं पुरत नाही. डॉक्टरांनी सहा आठवडे सांगितले असतील तर "सहा आठवडे पाण्याचा हंडा, कापसाचं गाठोडं, केळीचा घड उचलायचा नाही" असं लिहा. वेचणीच्या हंगामात हे जमेल का, हा विचार तिने सहीआधीच करायला हवा. ऑपरेशन घाईचं नसेल तर तारीख पुढे नेता येते.

६. "आवश्यक वाटल्यास इतर कोणतीही प्रक्रिया"

या ओळीवर वेळ घालवा. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केलं की दुर्बिणीने तपासण्याची संमती ही गर्भाशय आणि अंडाशयं काढण्याची संमती होत नाही. भुलेत असलेल्या सज्ञान बाईच्या वतीने तिच्या आईने बाहेर दिलेला होकारही तिथे चालला नाही, कारण जीव वाचवण्याची तातडी नव्हती आणि ती शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं. त्याच निकालात संमतीआधी काय सांगायचं हेही आहे: उपचार काय आहे, पर्याय, मोठे धोके आणि उपचार नाकारल्यास काय होईल. फार दूरचे, नगण्य धोके सांगितलेच पाहिजेत असं न्यायालयाने म्हटलेलं नाही. त्यामुळे फॉर्म घाबरवणाऱ्या यादीने भरण्याचीही गरज नाही.

मराठीत ही ओळ दोन भागांत फोडा. पहिला: "जीवाला धोका निर्माण झाला तर तो वाचवण्यासाठी लागेल ते करावं." दुसरा, ±चा: "आत अंडाशय खराब दिसलं तर काढायचं का?" याखाली तीन चौकोन काढा: खराब दिसलं तरच काढा, दोन्ही काढा, काढू नका. खूण बाईने स्वतःच्या हाताने करायची.

नवऱ्याच्या सहीची ओळ फॉर्मवर असते. वंध्यत्व येणाऱ्या ऑपरेशनला पती-पत्नी दोघांची संमती असावी, असं मेडिकल कौन्सिलच्या २००२च्या नियमांत आहे. पण शरीर तिचं आहे. नवऱ्याची सही तिच्या सहीची जागा घेत नाही. मराठी प्रतीत तिची जागा वर आणि मोठी ठेवा.

७. उलट तपासणी

अनुवाद झाला की मूळ इंग्रजी न पाहिलेल्या माणसाला फक्त मराठी प्रत द्या. त्याने ती वाचून डॉक्टरांना तोंडी सांगायची आणि डॉक्टरांनी मूळ फॉर्मशी ताडायचं. "होऊ शकतं"चं "होतं" झालं का, "नाही" कुठे गळलं का, आकडे सरकले का, हे इथे पकडलं जातं. दुरुस्ती झाल्यावर मराठी प्रतीवर डॉक्टरांची सही आणि तारीख घ्या. त्याशिवाय तो कागद नुसता टिपणाचा आहे.

८. वाचून दाखवणं

ऑपरेशन थिएटरच्या दारात कागद वाचायचा नाही, आणि झोपेचं औषध दिल्यावर तर अजिबात नाही. ठरलेलं ऑपरेशन असेल तर प्रत काही दिवस आधी घरी द्या. वाचताना बाई बसलेली असावी, शेजारी तिला हवं ते माणूस असावं आणि सासरच्या माणसांची गर्दी थोडा वेळ बाहेर असावी. पाळी आणि अंगावरून जाण्याबद्दल दिरासमोर ती बोलणार नाही.

भाषेचं इथे खरं काम पडतं. लिहिलेलं मराठी अहिराणी बोलणाऱ्या बाईला बहुतेक कळतं, पण प्रश्न ती अहिराणीतच विचारते. म्हणून वाचणारी व्यक्ती अहिराणी बोलणारी असेल तर उत्तम. धडगाव, अक्कलकुव्याकडून आलेल्या पावरी किंवा भिली बोलणाऱ्या बाईला लिखित मराठी पुरणार नाही. तिथे तिच्या भाषेतली आशाताई किंवा नर्स बसवा आणि तिचं नाव कागदावर लिहा. मुलाला दुभाषा करू नका. आईला जीवाचा धोका आहे हे त्याच्या तोंडून नीट निघत नाही.

"समजनं ना, माय?" असं विचारलं की उत्तर नेहमी "हो, समजनं" असंच येतं. हा प्रश्न सोडून द्या. त्याऐवजी विचारा: "घरी गेल्यावर बहिणीला काय सांगाल, डॉक्टर काय काढणार आहेत? काय राहणार आहे? वाईट काय होऊ शकतं, त्यातलं एखादं सांगा. ऑपरेशन नको म्हटलं तर दुसरं काय करता येईल?" चारही उत्तरं तिच्या शब्दांत आली पाहिजेत. समजा तिने पहिलं बरोबर सांगितलं, पण दुसऱ्याला म्हणाली, "सगळंच काढतीन ना." तर अंडाशयांचा परिच्छेद पुन्हा सांगा आणि तोच प्रश्न परत विचारा. दोनदा सांगूनही अडलं तर कमी तुमच्या वाक्यात आहे. ते वाक्य बदला आणि पुढच्या प्रतीतही बदललेलंच ठेवा.

*थांबा:* "तिला सांगू नका, घाबरेल" असं घरचे म्हणाले तर भांडू नका, डॉक्टरांना बोलवा. किती आणि कसं सांगायचं हे डॉक्टर तिलाच विचारून ठरवतील. अनुवादकाने स्वतःहून ओळ गाळायची नाही.

९. सही, अंगठा आणि प्रत

चार उत्तरं आली की मगच सही. तिला "नाही" म्हणायचा किंवा विचार करून येतो म्हणायचा अधिकार आहे, आणि सही केल्यावरही भूल देण्याआधी मन बदलता येतं, हे सहीच्या लगेच वर छापा. अंगठा असेल तर साक्षीदार असा घ्या ज्याने पूर्ण वाचन ऐकलं आहे. दारातून बोलावलेला वॉर्डबॉय चालणार नाही. वाचून दाखवणाऱ्याचं नाव, कोणत्या भाषेत सांगितलं, तारीख आणि वेळ लिहा. इंग्रजी आणि मराठी दोन्ही कागद एकत्र पिन करा, एक जोड फाइलला आणि एक तिच्या हाती द्या. घरी लघवी गळू लागली किंवा ताप आला तर काय करायचं हे त्याच कागदावर आहे.

दुर्बिणीचं ठरलेलं ऑपरेशन पोटावरून करायचं ठरलं, डॉक्टर बदलले किंवा नव्या रिपोर्टने निदान बदललं, तर जुनी मराठी प्रत रद्द करा. बदललेला परिच्छेद नव्याने लिहा, डॉक्टरांची सही घ्या आणि आठवा टप्पा पुन्हा करा.